अठ्ठ्याण्णव

मी जन्माची संशयी. औषधाची पट्टी हातात आली की आधी गोळ्या मोजते, मग पाणी घेते. इस्त्रीवाल्याकडून कपडे आले की पिशवी दारातच उलटी करते. सून म्हणते, आई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतंत. पोलिसात नाही गेले, पण ज्या ऑफिसात गेले तिथे हा स्वभाव कामाला आला, आणि एकदा त्याच स्वभावाने मला दगाही दिला. त्या दग्याचं सांगायला बसलेय.

सीवूड्सला स्टेशनच्या अलीकडे दुकानांच्या वर आमचं ऑफिस. दोन खोल्या, एक प्रिंटर, आणि भिंतीला लागून फॉर्मचे गठ्ठे. लोकांच्या पाहण्या करायच्या, घरोघरी जाऊन प्रश्न विचारायचे, आलेली उत्तरं मोजून तक्ते करायचे, अहवाल बांधून ज्यांनी मागवला त्यांना द्यायचा, हा धंदा. चालवतात एक मॅडम. आधी कॉलेजात शिकवायच्या. मी दहावीपर्यंत शिकलेली, मुलं मोठी झाल्यावर फॉर्मवर पेन्सिलीने आकडे घालायला म्हणून लागले ती आता पासष्टी उलटली तरी जातेच आहे. आता माझं काम शेवटचं. कॉम्प्युटरमधून तक्ते निघाले की मी कॅल्क्युलेटर आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचं, प्रत्येक बेरीज करायची, बरोबर असेल तर कोपऱ्यात खूण करायची. माझी खूण नसेल तर तक्ता बाहेर जात नाही.

टक्केवारी मला शिकवली आमच्या जुन्या हेडक्लार्कनी. ते आता कोकणात गावी असतात. त्यांनीच एक पद्धत घालून दिली होती. तक्त्यात टक्के पूर्ण आकड्यांत लिहायचे, पॉइंटबिइंट नाही. असं केलं की कधीकधी बेरीज नव्व्याण्णव येते, कधी एकशे एक. मग काय करायचं? ते म्हणायचे, "उरलेला थोरल्याला चिकटवा. मोठ्याला एक इकडेतिकडे झाला तर जाणवत नाही." म्हणजे तक्त्यात सगळ्यात मोठा आकडा जो असेल त्यात एक घालायचा, नाहीतर त्यातून एक काढायचा. झाले शंभर. वर्षानुवर्षं मी हेच केलं. कुणी विचारलं नाही. शंभर दिसले की माणसं पुढचं पान उलटतात.

मग करावे नावाच्या गावाचं काम आलं. गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांना पत्र्याच्या छपराचे ओटे बांधून द्यायचे होते. कुठे बांधायचे ते त्यांनाच विचारा, असं वॉर्ड ऑफिसातून सांगितलेलं. स्टेशनच्या बाजूला, गावातल्या तलावाजवळ, की आत्ता रस्त्याच्या कडेला बसतात तिथेच? ऑफिसच्या घरोघरी फिरणाऱ्या मुलींनी सत्त्याऐंशी बायकांना गाठून फॉर्म भरून आणले. अट एकच होती. अहवाल वर जाण्याआधी बायकांच्या मंडळाच्या प्रमुखाने तो बघायचा आणि सही करायची. सही नसेल तर फाइल परत, आणि ओटे राहिले कागदावर.

ही प्रमुख म्हणजे सत्तरीची एक बाई. गावात सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. काळी, बारीक, कानात जड सोनं, आणि नजर अशी की आपण काही चोरलेलं नसलं तरी पदर चाचपावा. नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी गेल्या तेव्हाच्या मोजण्या तिने पाहिलेल्या. कागद घेऊन येणाऱ्या माणसावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण हे मला नंतर कळलं.

अहवाल घेऊन मीच गेले, कारण मुली दुसऱ्या कामावर होत्या. मावशीच्या घरी, तळमजल्यावर, वरती चार मजले भाडेकरूंचे. तिची सून शेजारी येऊन बसली. ती शिकलेली, फोन हातात. मी पहिला तक्ता वाचून दाखवला. स्टेशनच्या बाजूला बेचाळीस टक्के, तलावाजवळ तेहेतीस, आहे तिथेच पंचवीस. एकूण शंभर.

मावशी उठून आत गेली आणि तीन डबे घेऊन आली. आइस्क्रीमचे रिकामे डबे, झाकणाला दोरा बांधलेला. माझ्यासमोर ठेवले.

"उघड," ती म्हणाली.

आत शिंपल्या, तिसऱ्यांच्या कालवणातून उरलेल्या. धुऊन वाळवलेल्या.

"तुज्या पोरी परत्येकीला इचारून गेल्या ना, की मी मागनं जाऊन इचारलं, काय सांगितलंस. जी सांगेल तिची एक शिंपली. हा टेशनचा डबा. हा तलावाचा. हा रस्त्याचा. मोज."

मी मोजल्या. दुसरं काय करणार. छत्तीस, एकोणतीस, बावीस. मिळून सत्त्याऐंशी. आमच्या फॉर्मशी तंतोतंत. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, जुळलं.

सुनेचं बोट फोनवर चाललं होतं. "आई, छत्तीस भागिले सत्त्याऐंशी, गुणिले शंभर. एक्केचाळीस पॉइंट सदोतीस त्र्याण्णव का काय ते येतंय. बेचाळीस नाय येत."

"मग बेचाळीस कुटनं आलं?" मावशीने माझ्याकडे पाहिलं.

आता मी काय सांगू? उरलेला थोरल्याला चिकटवला, हे सांगायला तोंड उघडलं आणि बोलण्याआधीच मला ते कसंतरी वाटलं. कारण थोरला कोण होता, तर स्टेशन. आणि गावात तेव्हा बोललं जात होतं की स्टेशनकडे ओटे झाले की बाहेरचे विक्रेते आधी घुसणार. म्हणजे वाढवला तो नेमका त्याच बाजूला.

"एक कमी पडत होता शंभराला. म्हणून तिकडे घातला," मी म्हटलं.

"कोनी सांगितलं तिकरं घालायला?"

"कुणी नाही. पद्धत आहे."

"पद्धत," मावशी म्हणाली, आणि सुनेकडे बघून हसली. "जमिनी मोजल्या तवा पन पद्धतच होती."

सही राहिली. मी अहवाल परत पिशवीत घातला. तिने शिंपल्या एकेक करून डब्यांत भरल्या, मी बघत असताना, जणू मी दोन-चार पळवेन.

ऑफिसात मॅडमना सांगितलं. त्यांना ही चिकटवाचिकटवी माहीतच नव्हती. त्या कपाळाला हात लावून बसल्या. "काकू, इतकी वर्षं? अहो, आकडा आहे तो लिहायचा. नव्व्याण्णव येत असेल तर नव्व्याण्णव येऊ द्यायचं आणि खाली टीप द्यायची."

"लोक विचारतील ना, एक टक्का गेला कुठे."

"त्यासाठीच टीप."

मी म्हटलं, मग पॉइंट देऊ या की, एक्केचाळीस पॉइंट चार, तेहेतीस पॉइंट तीन, पंचवीस पॉइंट तीन, बरोबर शंभर होतात. मॅडम म्हणाल्या, या तक्त्यात होतात, दुसऱ्यात नव्व्याण्णव पॉइंट नऊ होतील, तेव्हा काय कराल? आणि सत्त्याऐंशी बायकांत पॉइंट चार टक्का म्हणजे अर्धी बाईसुद्धा नाही, एवढं बारीक दाखवून फसवल्यासारखं होतं. ते मला पटलं. खरं सांगते, थोडा रागही आला. या वयात कुणी चूक दाखवली की आधी राग येतो, पटतं नंतर.

मॅडमनी माझे चिकटवलेले आकडे काढून मूळचे तक्ते परत घेतले आणि कॉम्प्युटरवर एक वाक्य टाइप केलं. टीप: टक्केवारी पूर्णांकात दिल्यामुळे बेरीज १०० होईलच असे नाही. आणि ते सगळ्याच तक्त्यांखाली चिकटवून टाकलं, एका झटक्यात, अकराही तक्त्यांखाली. मी पुन्हा लाल पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या तक्त्याची बेरीज नव्व्याण्णव, खाली टीप आहे, खूण. दुसरा शंभर, खूण. तिसरा एकशे एक, टीप आहे, खूण. चौथा, खूण. भराभर झालं काम. एरवी मी गोळ्या मोजणारी. पण नुकता ओरडा खाल्ला होता, आणि वाटलं, मॅडमचं वाक्य आहे खाली, आता आपण कशाला नाक खुपसा.

चार दिवसांनी पुन्हा करावे गावात. या वेळी मावशी रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसली होती, पुढ्यात पापलेट आणि सुरमई, शेजारी तिचा इलेक्ट्रिक वजनकाटा. सून डोक्याला ओढणी गुंडाळून मागे स्टुलावर. मी पहिला तक्ता काढला.

"आता एक्केचाळीस हाय," सून म्हणाली. मग तिने बेरीज केली. "पन एकूण नव्व्याण्णव."

"म्हंजे मागच्या टायमाला एक वारवलेला, आता एक खाल्ला," मावशी म्हणाली. "तुमी लोक कदी थांबनार?"

"खाली टीप आहे, मावशी." मी वाचून दाखवली.

"होईलच असे नाही," तिने तेच शब्द परत म्हटले, चव बघितल्यासारखे. "हे माजा नवरा बोलायचा. पैसे देईनच असं नाय. घरी येईनच असं नाय."

शेजारच्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले, काय करणार. पण मला कळलं की त्या वाक्यातून तिला काहीच कळलेलं नाही. त्या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी लिहिलेलं वाक्य ते.

मी तिच्या काट्याकडे पाहिलं. म्हटलं, "मावशी, हा काटा ग्रॅम दाखवतो ना. समजा नाही दाखवत. फक्त पूर्ण किलो दाखवतो. अर्ध्याच्या खाली असलं तर खालचा किलो, अर्ध्याच्या वर असलं तर वरचा. एक सुरमई ठेवली, एक किलो चारशेची. काय दाखवेल?"

"एक."

"दुसरी, एक किलो तीनशे. तिसरीपण एक किलो तीनशे."

"एक. आनि एक."

"वेगवेगळ्या मोजल्या तर झाले तीन किलो. आता तिन्ही एकदम ठेवा."

तिचे ओठ हलले. हिशोबाला ती माझ्यापेक्षा तेज, वाट बघावी लागली नाही. "चार."

"मासा कुणी खाल्ला?"

"कोनी नाय." मग काट्याकडे बघून म्हणाली, "काटा खोटा."

"खोटा नाही. जाड आहे. प्रत्येक वेळी वरचे तीनशे-चारशे सोडून देतो. ते तुकडे मिळून किलोभर होतात. इथेपण तसंच. एक्केचाळीसवर अडतीस, तेहेतीसवर तेहेतीस, पंचवीसवर एकोणतीस, असे शंभरातले तुकडे सुटले. बेरीज करा."

सुनेने केली. "शंभर. म्हंजे एक पुरा."

"तोच तुमचा एक टक्का. बाई एकही गेली नाही. तुमच्या डब्यात आहेत तेवढ्याच कागदावर आहेत."

मावशीने एका गिऱ्हाइकाला पापलेट दिलं, हात धुतले, पुसले. मला वाटलं, आता पेन मागेल. तिने विचारलं, "आनि खरंच कोनी खाल्लं असलं तर? तवा पन तू हेच सांगशील, जाड काटा. मना कसं कलनार?"

इतकी वर्षं तक्ते तपासले, हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी तिथेच टोपलीच्या कडेला टेकून विचार केला.

"एका आकड्यात जास्तीत जास्त अर्ध्याची चूक होते," मी म्हटलं. "त्याहून जास्त असेल तर तो शेजारच्या आकड्यालाच जातो. तक्त्यात तीन आकडे, म्हणजे तिघांची मिळून फार तर दीड. आणि आपण पूर्ण आकड्यांचीच बेरीज करतोय, त्यात अर्धा येतच नाही. म्हणजे तीन ओळी असतील तर बेरीज नव्व्याण्णव, शंभर, नाहीतर एकशे एक. याच्या बाहेर गेली तर माझा हात धरा."

"धरीन," ती म्हणाली, आणि सुनेला सांगितलं, "पुढची पानं बघ. जिथं तीन हायत ती."

माझ्यासमोर सून एकेक पान उलटू लागली आणि बेरजा मोठ्याने म्हणू लागली. मी निवांत होते. खूण तर माझीच होती प्रत्येक पानावर. दुसरा शंभर. तिसरा एकशे एक.

चौथा तक्ता असा होता. ओटा मिळाला तर त्यावर कोण बसणार? स्वतः, सेहेचाळीस टक्के. घरातली दुसरी, म्हणजे सून-मुलगी, बत्तीस. अजून ठरवलं नाही, वीस.

"अठ्ठ्याण्णव," सून म्हणाली.

मी म्हटलं, पुन्हा कर. तिने पुन्हा केली. मग मी तिला फोन बाजूला ठेवायला लावून तोंडी केली. सेहेचाळीस आणि बत्तीस अठ्ठ्याहत्तर, आणि वीस. अठ्ठ्याण्णव. खाली तेच वाक्य, होईलच असे नाही. कोपऱ्यात माझी लाल खूण.

"तीनच हायत ना?" मावशीने विचारलं.

"तीनच."

तिने खरंच माझा हात धरला. मनगटाला. माशाचा थंड, ओला हात. जोराने नाही, पण सोडलाही नाही.

"यात मी हाय का?"

"म्हणजे?"

"तुजी पोरगी आली, बोलली, मावशी, ओट्यावर कोन बसंल. मी बोलली, मी मेल्यावर बगा. ती हसली, कागदावर कायच नाय लिवलं. पुढच्या सवालाला गेली. मी बगत होती. मना तवाच वाटलं, हे कागदातनं मना काढनार."

सुनेने मान खाली घातली. त्या दोघींमध्ये त्या ओट्यावरून काय चाललं असेल ते मी विचारलं नाही. मला दिसलं तेवढं पुरे.

मी हात सोडवून घेतला आणि अहवाल पिशवीत घातला. म्हटलं, बघते. ऑफिसात येईपर्यंत डोक्यात सगळे संशय फिरून गेले. पोरीने मुद्दाम सोडलं? कुणी सांगून काढायला लावलं? मॅडमनी ते वाक्य सगळीकडे डकवलं ते उगीच, की काही झाकायला? ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला त्या बाईबद्दल मी हे मनात आणलं. आता सांगताना लाज वाटते, पण आणलं हे खरं.

"काकू, टीप आहे ना खाली," मॅडम म्हणाल्या, मान वर न करता.

"तीन ओळींना दोन कमी पडत नाहीत, मॅडम. तुम्हीच सांगा, पडतात का?"

त्यांनी मान वर केली. क्षणभर हिशोब केला असेल. मग खुर्ची सरकवून गठ्ठ्यांकडेच गेल्या. सत्त्याऐंशी फॉर्म आम्ही दोघींनी जमिनीवर बसून चौथ्या प्रश्नापाशी उघडले. स्वतः चाळीस. घरातली दुसरी अठ्ठावीस. ठरवलं नाही, सतरा. आणि दोन फॉर्मवर चौथ्या प्रश्नासमोर काहीच नाही. कॉम्प्युटरने टक्के सत्त्याऐंशींवरच काढले होते, पण रिकाम्या उत्तरांची ओळ तक्त्यात छापायचीच नाही असं त्यात ठरवून ठेवलेलं. कुणाचा डाव नव्हता. मॅडमचा चेहरा उतरला तेव्हा माझा संशय गेला, पूर्ण नाही, पण गेला.

"टीप नसती तर तुम्ही पकडलं असतं," त्या म्हणाल्या.

"टीप नव्हती तेव्हा, पहिल्या अहवालात, मी ते दोन थोरल्याला चिकटवलेच होते," मी म्हटलं. ते खरंच होतं.

संध्याकाळपर्यंत सगळे तक्ते नव्याने काढले. टक्क्यांच्या शेजारी प्रत्येक ओळीत मूळ संख्याही घातली. अकरा ठिकाणची ती टीप पुसून टाकली. जिथे लागते तिथेच द्यायची, आणि त्या तक्त्यापुरती, असं मी अडून बसले. पहिल्याची टीप मी हाताने लिहिली, मॅडमनी जशीच्या तशी टाइप केली. टीप: प्रत्येक टक्का जवळच्या पूर्ण आकड्याला आणला आहे. ४१.३८ चे ४१, ३३.३३ चे ३३, २५.२९ चे २५. सुटलेले तुकडे मिळून एक होतो, म्हणून बेरीज ९९ दिसते. सत्त्याऐंशीपैकी एकही बाई गाळलेली नाही.

मॅडम म्हणाल्या, टिपेत बाई काय लिहिता, उत्तरदाती लिहा. मी म्हटलं, ज्यांनी वाचायचं त्या बाईच म्हणतात. राहिलं मग तसंच.

तिसऱ्यांदा करावे गावात. तीच छत्री, तोच काटा. पहिल्या तक्त्याची टीप सुनेने मोठ्याने वाचली. मावशीने एकदाच विचारलं, "जाड काटा?" मी म्हटलं, "जाड काटा." मग तिने स्वतः चौथं पान काढायला लावलं. आता चार ओळी होत्या. स्वतः सेहेचाळीस, घरातली दुसरी बत्तीस, ठरवलं नाही वीस, आणि चौथी ओळ, उत्तर दिलं नाही, संख्या दोन, टक्के दोन.

तिने त्या दोनवर बोट ठेवलं. बोटाचा ओला ठसा कागदावर उमटला.

"ही मी."

कुणाचं उत्तर काय ते सांगायचं नसतं आम्हाला.

"नको सांगू. दुसरी पन कोन ते मना म्हायीत हाय." मग पानाच्या तळाशी तिची नजर गेली. "याच्याखाली टीप नाय?"

"लागत नाही. बरोबर शंभर होतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मग मागे हात करून सुनेला म्हणाली, "कर गो बेरीज."

सुनेने फोन काढला. सेहेचाळीस, बत्तीस, वीस, दोन. फोन सासूपुढे धरला. मावशीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत दिला, आणि तिला म्हणाली, "आता तोंडी कर."

तिने तोंडी केली. मग मावशीने ओढणीच्या टोकाला हात पुसले आणि पेन मागितलं. ओढणी सुनेची होती.